बँकॉकच्या एअरपोर्टवरचा रेट बोर्ड आणि टॅक्सीचा तक्ता फोटोवरून कसा वाचायचा: सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी

सोलापुरातून थायलंडला जाणारी मंडळी आता बरीच वाढलीत, कोण ग्रुप टूरनं जातंय, कोण टॉवेल-चादरीच्या धंद्यासाठी माल बघायला जातंय, आणि पहाटे पहाटे ग्रुपवर फोटो येऊन पडतात. एक पैसे बदलायच्या काउंटरचा चमकणारा बोर्ड, दुसरा टॅक्सीचा तक्ता, आणि खाली एकच ओळ, "काका हे बरोबर आहे का, बदलू का?" आता तिथं उभं राहून माणूस झोपेत, मागं लाईन, बायकापोरं बॅगांवर बसलेली, अशा वेळी ग्रुपवर उत्तर येईपर्यंत तो बदलून मोकळा पण झालेला असतो. म्हणून एकदाच नीट लिहितोय, दोन्ही फोटो कसे वाचायचे ते. सुवर्णभूमी एअरपोर्ट धरून लिहितोय कारण पुण्या-मुंबईहून जाणारे बहुतेक तिथंच उतरतात, डॉन मुआंगला उतरलात तर मजले-काउंटर वेगळे पण वाचायची पद्धत तीच.

एक आधीच सांगून ठेवतो, खाली करन्सीचे जे रेट आहेत ते हिशोब समजायला धरलेत, रोज बदलतात, तुमच्या दिवसाचे तुम्ही घाला. टॅक्सीच्या मीटरचे दर मात्र 2023च्या जानेवारीत सरकारनं वाढवले तेव्हाचे खरे दर आहेत, तक्त्यावर वेगळं दिसलं तर तक्त्यावरचं धरा.

आधी फोटो नीट काढा

इमिग्रेशनच्या लाईनीत मोबाईल वर करू नका, तिथं फोटोला मनाई असते. बॅगा घेऊन कस्टमच्या बाहेर आलात की मग काढा.

रेट बोर्ड बहुतेक एलईडीचे असतात आणि त्यातली गंमत अशी की ते दिवे आपल्या डोळ्याला सलग पेटलेले दिसले तरी आतून भराभर चालू-बंद होत असतात, मोबाईलचा शटर तेवढ्यात नेमका बंद असलेला भाग पकडतो आणि आकड्याची एखाद-दुसरी दांडी गायब होते. मग 8 चा 3 दिसतो, 9 चा 5 दिसतो, 0.38 चा 0.33 होतो. फोटो बघून घरी बसलेला माणूस हिशोब करतोय आणि आकडाच खोटा! त्यामुळं एकावर थांबू नका, पाठोपाठ तीन-चार फोटो काढा किंवा सरळ चार सेकंदाचा व्हिडिओ काढा, त्यात सगळे आकडे पुरे येतात. बोर्डाच्या समोर उभं राहा, तिरकं नको, तिरक्या फोटोत ओळ एका देशाची आणि आकडा खालच्या देशाचा असा घोळ होतो.

आणि फोटोत सगळ्यात वरची पट्टी आलीच पाहिजे. लोक नेमकी आपली रुपयाची ओळ झूम करून पाठवतात आणि वरचं हेडिंग कापलेलं, म्हणजे कुठला कॉलम खरेदीचा कुठला विक्रीचा काय कळणार? वरच तारीख-वेळ पण असते. तिथं वर्ष 2568 किंवा 2569 असं दिसलं तर घाबरू नका, थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो, त्यातनं 543 वजा करा, 2568 म्हणजे आपलं 2025. तारीख जुनी दिसली तर फोटो कुणीतरी इंटरनेटवरून उचललेला आहे असं समजा, असे फॉरवर्ड पण फिरतात.

रेट बोर्ड: कुठला कॉलम आपला

बोर्डावर डावीकडं झेंडा आणि तीन अक्षरी कोड, मग दोन नाहीतर तीन आकड्यांचे कॉलम. हेडिंग "बाईंग" आणि "सेलिंग" असतं. हे त्यांच्या बाजूनं लिहिलेलं असतं, म्हणजे तुम्ही डॉलर किंवा रुपये देऊन तिथलं चलन बाट घेताय तेव्हा ते तुमची नोट खरेदी करतायत, तुमचा कॉलम "बाईंग". हेडिंग दिसतच नसेल तर साधी खूण, दोन आकड्यात जो लहान तो तुम्हाला मिळणार. नेहमी लहानच मिळतो, तो त्यांचा धंदा आहे.

बँकेच्या काउंटरवर कधी कधी बाईंगचेच दोन भाग केलेले असतात, एक नोटांचा आणि एक ट्रान्सफरचा किंवा चेकचा. ट्रान्सफरवाला आकडा जरा जास्त असतो आणि लोकांची नजर तिकडंच जाते, मग काउंटरवर कमी दिले म्हणून वाद. हातात नोट आहे तर नोटांचाच रेट.

आता डॉलरच्या ओळी. अमेरिकन डॉलर एकाच ओळीत नसतो, दोन-तीन ओळी असतात आणि शेजारी बारीक अक्षरात 50-100, 5-20, 1-2 असं लिहिलेलं असतं. हा नोटेचा आकार आहे, किती रक्कम बदलताय त्याचा याच्याशी संबंध नाही. म्हणजे शंभर डॉलरची एक नोट दिली तर वरच्या ओळीचा रेट, आणि वीस-वीसच्या पाच नोटा दिल्या तर शंभरच डॉलर असूनही मधल्या ओळीचा, कमी रेट. हे कळलं की सोलापुरात डॉलर घेतानाच सांगायचं, "शंभरच्या द्या, एखादी वीसची द्या, सुट्टे नकोत." आपल्याकडं लोक उलटं करतात, परदेशात सुट्टे लागतील म्हणून मुद्दाम पाच-दहाच्या डॉलर नोटा मागून घेतात. पण थायलंडमध्ये चहा डॉलरनं थोडीच प्यायचाय, सुट्टे लागतात ते बाटचे. नोट घेताना उलटीपालटी करून बघा, पेनाची रेघ, शिक्का, फाटका कोपरा असला तर तिथं नाकारतात नाहीतर रेट कमी करतात.

अजून एक, जपानी येन, इंडोनेशियन रुपिया, कोरियन वोन या ओळींत कधी 1 चा रेट असतो कधी 100 चा किंवा 1000 चा. आपल्या रुपयाचा बहुतेक 1 चाच असतो, पण युनिटचा कॉलम असला तर एकदा नजर टाका.

सगळं एकाच मापात आणा: एक बाट कितीला पडला

इथं थोडा वेळ घालवा, कारण फसगत सगळी इथंच होते. रुपयाचा रेट 0 पॉइंटमध्ये असतो. एका काउंटरवर 0.2900 आणि दुसरीकडं 0.3550. बघायला काय फरक आहे, दोन्ही शून्य पॉइंट काहीतरी! डॉलरच्या ओळीत 31.00 आणि 32.30, तिथं मात्र लगेच वाटतं सव्वा बाटचा फरक आहे. खरं तर उलटं आहे. डॉलरमधला फरक चार टक्क्यांचा आहे आणि रुपयातला बावीस टक्क्यांचा.

म्हणून बोर्डावरचा आकडा तसाच डोक्यात ठेवू नका. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर 1 भागिले तो आकडा करा, एक बाट किती रुपयाला पडला ते येतं. 1 भागिले 0.29 म्हणजे 3.45 रुपये. 1 भागिले 0.355 म्हणजे 2.82 रुपये. आता बोला फरक किती आहे ते.

डॉलरचं जरा लांबून करावं लागतं कारण डॉलर आधी सोलापुरात रुपये देऊनच घेतलेला असतो. समजा बाजारात डॉलर 88 चालू आहे आणि तुम्हाला इथं मनी चेंजरनं किंवा बँकेनं 89.50 ला दिला. शंभर डॉलरचे झाले 8,950. त्यावर जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो, एक लाखापर्यंत रकमेच्या 1 टक्का किंवा कमीत कमी 250 रुपये यावर 18 टक्के, म्हणजे छोट्या व्यवहाराला 45 रुपये. एकूण 8,995. (इथं एक बघा, शंभर डॉलरला पण 45 आणि दोनशेला पण 45, त्यामुळं घ्यायचे तेवढे एकदाच घ्या, रोज शंभर-शंभर घेऊन जीएसटी भरत बसू नका.)

आता ही शंभरची नोट तुम्ही अरायव्हल हॉलमधल्या काउंटरवर 31.00 नं बदलली तर 3,100 बाट आले. 8,995 भागिले 3,100, एक बाट 2.90 रुपयाला पडला. तीच नोट 32.30 वाल्याकडं बदलली तर 3,230 बाट, म्हणजे 2.78. वीसच्या पाच नोटा असत्या आणि त्या ओळीचा रेट 30.40 असता तर 3,040 बाट, म्हणजे 2.96.

सगळे एका रांगेत लावा. खरा बाजारभाव धरला तर बाट 2.71 ला आहे. डॉलर नेऊन चांगल्या काउंटरवर 2.78, रुपये नेऊन चांगल्या काउंटरवर 2.82, डॉलर नेऊन हॉलमध्ये 2.90, आणि रुपये नेऊन हॉलमध्ये 3.45. म्हणजे "रुपये न्यावे का डॉलर न्यावे" हा जो वाद आपल्याकडं कायम चालतो त्याचं उत्तर नोटेपेक्षा काउंटरवर जास्त अवलंबून आहे. चांगला काउंटर मिळणार असेल तर रुपये नेले काय डॉलर नेले काय चार पैशाचा फरक. हॉलमध्येच बदलणार असाल तर रुपया बाहेर काढू नका, एवढं साधं. आणि सोलापुरातच कोणी थेट बाट देत असेल तर त्याच्या रेटला पण हेच माप लावा, तो 2.95 म्हणाला तर तुम्हाला आता कळतंय तो कुठं बसतो. रुपये सोबत नेणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं माणशी 25,000 पर्यंतच नेता येतात हे लक्षात ठेवा.

"नो कमिशन" अशी पाटी बघून खूश होऊ नका. कमिशन नाही कारण ते रेटमध्येच घेतलंय. काउंटर किती घेतोय ते बोर्डच सांगतो, बाईंग आणि सेलिंग यातलं अंतर बघा. डॉलर 31.00 आणि 33.60, मध्य निघतो 32.30, म्हणजे बाजाराच्या जवळच, आणि दोन्ही बाजूला चार-चार टक्के. रुपया 0.29 आणि 0.43, मध्य 0.36, दोन्ही बाजूला जवळजवळ वीस टक्के. नेट नसेल, बाजारभाव माहीत नसेल तरी दोन आकड्यांची बेरीज भागिले दोन केली की खरा भाव साधारण कळतो, आणि कुठली नोट या काउंटरला नकोशी आहे ते पण कळतं. अंतर मोठं म्हणजे ती नोट त्यांच्याकडं पडून राहते, म्हणून ते भाव पाडून घेतात.

चांगला काउंटर कुठं असतो? सुवर्णभूमीला अरायव्हल हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथले बँकांचे काउंटर सगळे साधारण एकाच रेटचे, एकाकडून दुसऱ्याकडं पळून उपयोग नाही. सगळ्यात खाली बेसमेंटला, जिथून शहरात जाणारी रेल्वे सुटते, तिथं खासगी मनी चेंजर आहेत, त्यांचा रेट शहरातल्या रेटच्या जवळ असतो. लिफ्टनं खाली जायचं, बास. पण ते चोवीस तास उघडे असतीलच असं नाही, आणि आपल्याकडून रात्री सुटणारी विमानं तिथं पहाटे उतरतात, हीच अडचण. पासपोर्ट हातात ठेवा, काउंटरवर मागतात.

पैसे बदलायच्या आधी टॅक्सीचा तक्ता वाचा

हा क्रम मुद्दाम सांगतोय. लोक हॉलमध्ये आल्या आल्या पैसे बदलतात, हॉटेल, फिरणं, शॉपिंग सगळ्याचे एकदम. खरं तर हॉलमधल्या महाग रेटनं फक्त शहरात पोचण्यापुरते बदलायचे असतात, आणि पोचायला किती लागतात ते टॅक्सीचा तक्ता सांगतो. म्हणून आधी तक्ता, मग काउंटर.

तक्ते दोन जातीचे आहेत आणि ग्रुपवर येणारे फोटो बहुतेक चुकीच्या तक्त्याचे असतात. हॉलमध्येच, बाहेर पडायच्या आधी, लिमोझिनचे काउंटर आहेत. त्यांच्या तक्त्यावर डावीकडं भागांची नावं, वर गाडीचे प्रकार, आणि चौकोनात ठरलेली रक्कम, हजाराच्या पुढंच. ती पण कायदेशीर गाडी आहे, फसवणूक नाही, फक्त महाग. सरकारी मीटरची टॅक्सी एक मजला खाली, ग्राउंडला. तिथं मशीन असतात, बटण दाबलं की चिठ्ठी येते, त्यावर कुठल्या नंबरच्या जागेवर गाडी उभी आहे ते असतं. हॉलमध्ये "टॅक्सी टॅक्सी" करत कोणी जवळ आला तर त्याच्या हातातला लॅमिनेट केलेला कागद पण तक्त्यासारखाच दिसतो, पण तो त्याचा स्वतःचा रेट.

मीटर टॅक्सीचा तक्ता असा वाचायचा. पहिला 1 किलोमीटर 35 बाट, मोठ्या गाडीला 40. मग 1 ते 10 किलोमीटर 6.50, 10 ते 20 ला 7, 20 ते 40 ला 8, पुढं 40 ते 60 ला 8.50 आणि असं वाढत जातं. लोक काय करतात, हॉटेल 30 किलोमीटर आहे ना, मग 30 गुणिले 8, 240, अधिक 35. तसं नसतं. आपल्या लाईट बिलाचे युनिटचे टप्पे असतात ना तसंच हे, प्रत्येक टप्प्याचे किलोमीटर त्याच टप्प्याच्या दरानं.

प्रातुनाम धरू, आपले कपड्याचे व्यापारी तिकडंच जातात. रस्त्यावर अवलंबून जरा कमीजास्त होतं, आपण 30 किलोमीटर धरू. पहिला किलोमीटर 35. पुढचे 9 किलोमीटर साडेसहानं, 58.50. पुढचे 10 सातनं, 70. शेवटचे 10 आठनं, 80. बेरीज 243.50.

याच्या खाली बारीक अक्षरात जी ओळ असते ती कोणी वाचत नाही आणि बँकॉकमध्ये तीच महत्त्वाची. गाडी तासाला 6 किलोमीटर किंवा त्याहून हळू चालली, म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकली, तर मिनिटाला 3 बाट. पहाटे पाचला उतरलात तर हे जवळजवळ शून्य. सकाळी आठ-नऊला किंवा संध्याकाळी गेलात तर अर्धा तास सहज जातो, 90 बाट तिथंच. आपण मधलं धरू, 15 मिनिटं, 45 बाट. मीटरवर आले साधारण 289.

आता सरचार्ज. एअरपोर्टहून निघणाऱ्या साध्या टॅक्सीला 50 बाट जास्त, मोठ्या गाडीला त्याहून जास्त. हा मीटरवर दिसत नाही, उतरताना वेगळा द्यायचा, आणि इथंच भांडणं होतात कारण मीटर 289 दाखवतंय आणि ड्रायव्हर जास्त मागतोय म्हटल्यावर आपला माणूस आवाज चढवतो. ड्रायव्हर बरोबर असतो तिथं. हे पन्नास एअरपोर्टवरून निघतानाच, शहरातून परत एअरपोर्टला येताना नाही. येताना पण कोणी मागितले तर देऊ नका.

मग टोल. वरच्या एक्सप्रेसवेनं गेलात तर टोल प्रवाशानं द्यायचा, शहरात जाताना बहुतेक दोन नाके लागतात, 25 आणि 50, एकूण 75 धरा. ड्रायव्हर निघतानाच "हायवे?" असं विचारतो. हो म्हटलं की टोल तुमचा. पहाटे रस्ता रिकामा असेल तर नको म्हणू शकता, गर्दीच्या वेळी मात्र 75 वाचवायला जाऊन मिनिटाला 3 नं त्याहून जास्त घालवाल. नाक्यावर रोख तुम्ही स्वतः द्या आणि पावती घ्या, म्हणजे शेवटी पुन्हा हिशोबात टोल येत नाही.

एकूण झालं 289, 50 आणि 75, म्हणजे 414 बाट. फोटोवरून घरबसल्या एवढं काढता येतं, वर-खाली 50 बाट धरा.

आता ड्रायव्हर म्हणाला "पाचशे, टोल धरून", तर? पहाटे असेल तर नको, मीटर लाव म्हणा, कारण पहाटे ट्रॅफिकचे 45 पण लागणार नाहीत. पण संध्याकाळी साडेसहा वाजलेत, पाऊस पडतोय, तर टोल धरून पाचशे हा वाईट सौदा नाही, पाऊण तास अडकलात तर मीटरनंच 135 जास्त होतात. तत्त्वासाठी भांडू नका, आकड्यासाठी भांडा. सातशे-आठशे म्हणाला तर मात्र उतरा आणि परत चिठ्ठी घ्या, गाड्या भरपूर असतात.

लिमोझिनचा तक्ता कधी परवडतो? समजा त्यावर प्रातुनामच्या रकान्यात साध्या गाडीला 1,100 आणि व्हॅनला 1,600 लिहिलंय. दोघं असाल तर विषयच नाही, 414 कुठं आणि 1,100 कुठं. सहा जणांचं कुटुंब, सहा मोठ्या बॅगा, आजीला चालवत नाही, तर साध्या दोन टॅक्सी लागतील कारण थाई टॅक्सीत बऱ्याचदा गॅसची टाकी डिकीत असते आणि बॅगांना जागा उरत नाही, मग दोन टॅक्सीचे 828 आणि व्हॅनचे 1,600. तरी जवळजवळ दुप्पटच. पण दोन गाड्यांत माणसं वाटली जातात, एकाकडं हॉटेलचा पत्ता, दुसऱ्याकडं नाही, भाषा येत नाही. अशा वेळी मी स्वतः व्हॅन घेईन. फक्त तक्त्याच्या तळाला टोल धरून का सोडून ते वाचा, आणि मोठ्या गाडीची मीटर टॅक्सी मिळते का ते खाली एकदा विचारा.

आता किती बदलायचे

414 लागणार, वर पाणी-बिस्किट, थोडी मोकळीक, म्हणजे 600 बाट झाले. वीस डॉलरची ती जी एक नोट म्हणालो होतो ना, ती यासाठीच. मधल्या ओळीचा 30.40 रेट, वीस डॉलरचे 608 बाट. खाली चांगल्या काउंटरवर याच नोटेचे फार तर 646 आले असते, म्हणजे पहाटेची सोय म्हणून 38 बाट गेले, शंभर रुपये. ते जाऊ द्या. पण याच काउंटरवर कोणी 20,000 रुपयांच्या नोटा काढल्या तर 5,800 बाट मिळतील, आणि तेच दुसऱ्या दिवशी शहरात 0.355 नं 7,100. तेराशे बाट गेले, म्हणजे प्रातुनामच्या तीन टॅक्सी.

बदलताना शंभराच्या आणि वीसच्या नोटा मागा. काउंटरवाला हजाराची मोठी नोट काढतो आणि ड्रायव्हरकडं सुट्टे नसतात, कधी खरंच नसतात कधी नसतात असं म्हणतो. पावती हातात आली की तिथंच उभं राहून तीन गोष्टी बघा, कोड यूएसडीच आहे का, रेट बोर्डावरच्या तुमच्या ओळीचाच आहे का, आणि गुणाकार बरोबर आहे का. काउंटर सोडल्यावर कोणी ऐकत नाही.

गाडीत बसल्यावर

मीटर 35 वर सुरू झालं पाहिजे. आधीच 60-70 दिसत असेल तर मागच्या प्रवाशाचं चालू आहे, शून्य करायला सांगा. पुढं मॅप उघडून ठेवा आणि तीन ठिकाणी ताळा घ्या. रस्ता मोकळा असेल तर 10 किलोमीटरला मीटर 95 च्या आसपास, 20 ला 165 च्या आसपास, 30 ला 245 च्या आसपास. अडकलेल्या मिनिटांचे तीन-तीन त्यात मिळवा. 10 किलोमीटरला, न अडकता, 150 दिसायला लागले तर मीटरमध्ये गडबड आहे किंवा रस्ता लांबचा घेतलाय, मॅपवर कुठलं ते कळेल.

मशीनमधून आलेली चिठ्ठी ड्रायव्हरला देऊ नका, मागितली तरी. त्यावर गाडीचा तपशील असतो, बॅग विसरली किंवा तक्रार करायची असली तर तेवढाच पुरावा. वाटलं तर बसायच्या आधी तिचा पण फोटो काढून ग्रुपवर टाका. टॅक्सीची तक्रार तिथल्या वाहतूक खात्याच्या 1584 नंबरवर, आणि प्रकरण जास्तच वाढलं तर टुरिस्ट पोलिसांचा 1155.

आणि परत येताना उरलेले बाट एअरपोर्टवर रुपयात करायला गेलात तर तुमचा कॉलम बदलतो, आता "सेलिंग". 0.43 म्हणजे एक रुपया घ्यायला 0.43 बाट, हजार बाटचे 2,325 रुपये, जे तुम्ही 2,800 ला घेतले होते. त्यापेक्षा हॉटेलचं शेवटचं बिल बाटमध्ये भरा, किंवा पुढच्या महिन्यात गल्लीतला कोणीतरी जाणारच आहे, त्याला द्या.